धागा : ‘याचे कारण म्हणजे… असल्यामुळे’ – निबंधातील दुहेरी कारणे कशी काढावीत?

मृणाल_ऐरोली

ऐरोलीतील एका वाचनालयात मी शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलांना निबंधलेखनात मदत करते. शुद्धलेखन सुधारता येते, वाक्याची लांबीही आटोक्यात आणता येते. पण मुले कारण सांगू लागली की एकाच वाक्यात कारण दोनदा, कधी तीनदा सांगतात, आणि त्यांतला नेमका कोणता शब्द काढावा हे मला त्यांना नियमाने समजावता येत नाही. एका विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या पालकांच्या संमतीने त्याचा परिच्छेद जसाच्या तसा देत आहे. विषय होता ‘माझ्या शहरातील पावसाळा’.

‘नवी मुंबईत काही वेळा पावसाळ्यात पाणी तुंबते. याचे मुख्य कारण म्हणजे शहराचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे पाणी तुंबते. कारण की भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर येते त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. त्याचे कारण असे आहे की भरतीच्या वेळी दरवाजे बंद होतात त्यामुळे पावसाचे पाणी तलावात साठते. परंतु तलावांत गाळ साचल्याच्या कारणामुळे त्यांची क्षमता कमी झाली आहे, कारण तलावांत कांदळवन वाढल्यामुळे गाळ काढता येत नाही म्हणून.’

मुलाला विषय कळलेला आहे, हे वाचताना स्पष्ट दिसते. हा परिच्छेद तुम्ही कसा दुरुस्त कराल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती दुरुस्ती मुलाला कोणत्या शब्दांत समजावाल?

तेजस_घणसोली

मृणालताई, मी स्पर्धा परीक्षांची तयारी करत असल्याने व्याकरणाच्या बाजूने सांगतो. ‘कारण’ हे गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय आहे आणि ‘म्हणून’ हे परिणामबोधक, म्हणजे प्रधानत्वसूचक. एका वाक्यात या दोहोंपैकी एकच असावे. त्यामुळे सोपा नियम असा सांगता येईल की ‘कारण’, ‘मुळे’ आणि ‘म्हणून’ यांपैकी दोन शब्द एका वाक्यात दिसले की एक खोडावा. ‘कारण की’ मधला ‘की’ तर हिंदीच्या प्रभावाने आलेला असल्यामुळे तो कुठेही दिसला तरी काढलाच पाहिजे.

शुभदा_कोपरखैरणे

माझा प्रश्न निबंधाचा नाही, पण तो याच प्रकारातला असावा असे वाटते. आमच्या सोसायटीची सचिव म्हणून मी फलकावर सूचना लावली होती : ‘टाकीच्या दुरुस्तीच्या कारणास्तव मंगळवारी पाणीपुरवठा बंद राहणार असल्यामुळे सभासदांनी सोमवारी पाणी भरून ठेवावे.’ एका ज्येष्ठ सभासदांनी ‘कारणास्तव’ आणि ‘मुळे’ या दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारून ‘द्विरुक्ती’ असे लिहिले. तेजस यांच्या नियमाप्रमाणे त्यांचे म्हणणे बरोबर ठरते. पण मला कोणताच शब्द काढता येईना, कारण एक काढला की वाक्यातून काहीतरी निसटते.

वसंतराव_नौपाडा

मी बरीच वर्षे एका साप्ताहिकात मुद्रितशोधन आणि नंतर संपादन करत होतो, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. शुभदाताईंच्या सूचनेपासूनच सुरुवात करतो, कारण तेजस यांचा नियम कुठे अपुरा पडतो ते तिच्यात स्वच्छ दिसते.

त्या सूचनेत परिणाम दोन आहेत. दुरुस्ती आहे म्हणून पाणी बंद राहील, ही एक जोडी. पाणी बंद राहील म्हणून सभासदांनी आदल्या दिवशी ते भरून ठेवावे, ही दुसरी जोडी. जोड्या दोन आणि कारणदर्शक शब्दही दोन, म्हणजे द्विरुक्ती नाही. ‘दुरुस्तीच्या कारणास्तव’ ऐवजी ‘दुरुस्तीसाठी’ लिहिले तर सूचना हलकी होईल, एवढीच सुधारणा मी सुचवेन. लाल रेघ अनावश्यक होती.

मोजायचे असेल तर शब्द मोजू नयेत, जोड्या मोजाव्यात. प्रत्येक ‘कारण’, ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सबब’ यांच्याजवळ थांबून विचारावे, की हा शब्द कोणत्या गोष्टीला कोणत्या गोष्टीशी बांधतो. दोन शब्द एकाच जोडीला बांधत असतील तर त्यांतला एक जास्तीचा आहे. ते वेगवेगळ्या जोड्यांना बांधत असतील तर एका वाक्यात तीन आले तरी व्याकरणाची चूक होत नाही. ‘रस्ते ओस होते, कारण पाऊस फार होता म्हणून शाळांना सुटी दिली होती’ या वाक्यात ‘कारण’ सुटीला ओस रस्त्यांशी जोडतो आणि ‘म्हणून’ पावसाला सुटीशी जोडतो. तेजस यांच्या नियमाने यातला एक खोडला तर वाक्यच मोडेल.

आता मृणालताईंच्या परिच्छेदातले दुसरे वाक्य पाहा. खरा दोष तिथे आहे आणि तो केवळ शब्दांच्या संख्येचा नाही. ‘याचे’ म्हणजे पाणी तुंबण्याचे. मग ते वाक्य काय म्हणते? पाणी तुंबण्याचे कारण म्हणजे अमुक असल्यामुळे पाणी तुंबते. जे कारण म्हणून सांगायचे त्या जागी पुन्हा परिणामच येऊन बसला आहे. ‘याचे कारण म्हणजे’ अशी सुरुवात केली की पुढे नाम किंवा नामासारखा शब्दसमूह यावा लागतो : ‘शहराचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असणे’. मुलाने वाक्य एका बांधणीने सुरू केले, मध्यावर त्याला ती आठवली नाही, आणि त्याने दुसऱ्या बांधणीने ते पूर्ण केले. वाक्य लांब झाले की मोठ्या लेखकांचेही असेच होते.

कळवेकर

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिच्या निबंधात शिक्षिकांनी ‘द रीझन इज बिकॉज’ याच्याभोवती वर्तुळ काढले होते, आणि ‘द रीझन व्हाय’ हेसुद्धा चूक आहे असे सांगितले होते. तेव्हा येथे जे चालले आहे ते मुळात इंग्रजीतून आलेले दिसते. मराठी माणूस इंग्रजीत विचार करू लागल्यामुळे असे होत असावे.

नंदिनी_वर्तकनगर

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी सांगते. ‘द रीझन इज बिकॉज’ यावरचा आक्षेप वसंतरावांनी सांगितलेल्या दोषाच्या जवळचा आहे : ‘रीझन इज’ नंतर ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य किंवा नाम अपेक्षित असते आणि ‘बिकॉज’मध्ये ‘कारण’ हा अर्थ आधीच असतो. परंतु तो प्रयोग इंग्रजीत काही शतके चांगल्या लेखकांच्याही लेखनात आढळतो आणि मेरियम-वेब्स्टरसारखा कोश त्याला अशुद्ध मानत नाही. निबंधात तो टाळावा असे मीही विद्यार्थ्यांना सांगते, कारण तपासणाऱ्याचे लक्ष तिथे अडकते. पण ‘चूक’ या शब्दाने सांगत नाही. ‘द रीझन व्हाय’ तर सर्वमान्य आहे, त्याभोवती वर्तुळ काढण्याची गरज नव्हती.

मात्र मराठीतला दोष इंग्रजीतून आला, हे मला पटत नाही. इंग्रजी वाक्याचा साचा उचलला असता तर मुले ‘कारण हे आहे कारण’ असे लिहिती. तसे फारसे कोणी लिहीत नाही. येथे ‘म्हणजे’ आणि ‘असल्यामुळे’ यांची गाठ पडली आहे, आणि ती मराठीच्याच बांधणीतून पडते. मराठीत क्रियापद शेवटी येते. लिहिणारा शेवटपर्यंत पोहोचतो तोवर सुरुवातीला दिलेला शब्द त्याच्या मनातून गेलेला असतो.

तेजस_घणसोली

वसंतकाका, जोड्यांची कसोटी पटली. पण मग तिसऱ्या वाक्यात ‘कारण की’, ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ असे तीन शब्द आहेत आणि मी मोजले तर जोड्याही तीनच भरतात. भरती येते त्यामुळे पाणी अडते. पाणी अडते म्हणून सिडकोने तलाव बांधले. आणि ‘कारण की’ हे सगळे मागच्या ‘तुंबते’ शी जोडतो. मग ते वाक्य निर्दोष मानायचे का? वाचताना तर ते सर्वांत जड वाटते.

वसंतराव_नौपाडा

अगदी नेमका प्रश्न विचारलात. त्या वाक्यात द्विरुक्ती नाही, तिथे दिशेचा घोळ आहे. ‘कारण’ वाचकाला मागे नेतो : परिणाम आधी सांगून झाला आहे, आता त्यामागे काय होते ते पाहू. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ पुढे नेतात : कारण सांगून झाले, आता त्यातून काय निघाले ते पाहू. या वाक्याच्या आरंभी वाचक मागे वळतो आणि लगेच दोनदा पुढे ढकलला जातो. शेवटी तो तलावांपाशी पोहोचतो, तेव्हा ‘कारण की’ ने सुरू केलेले स्पष्टीकरण कुठे संपले हे त्याला कळत नाही. सिडकोने तलाव बांधले हे तर पाणी तुंबण्याचे कारण नव्हे.

अशा वेळी शब्द खोडण्यापेक्षा घटना ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने मांडाव्यात. आधी सखल जमीन, मग भरती, मग अडलेले पाणी, मग तलाव. क्रम सरळ झाला की निम्मे कारणदर्शक शब्द आपोआप गळतात, कारण वाचकाला एकापाठोपाठ एक घडलेली गोष्ट दिसते आणि तिच्यातले कार्यकारण त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

चौथ्या वाक्यात एक गंभीर चूक आहे आणि ती या शब्दांच्या गर्दीत लपली आहे. ‘सिडकोने तलाव बांधले. त्याचे कारण असे आहे की भरतीच्या वेळी दरवाजे बंद होतात.’ दरवाजे बंद होणे हे तलाव बांधण्याचे कारण नाही, ती तलावाची कार्यपद्धती आहे. भरतीत दरवाजे बंद होतात आणि खाडीचे पाणी आत येत नाही. तेवढ्या वेळात पडणारा पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की दरवाजे उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत उतरते. तलाव बांधण्यामागे हेतू होता, आणि हेतू सांगायला मराठीत ‘साठी’ किंवा ‘यासाठी’ आहे. ‘का बांधले’ आणि ‘कसे चालतात’ हे दोन प्रश्न मुलाने एकाच ‘कारणा’त कोंबले. ओहोटीचा भाग तर त्याने सांगितलाच नाही, आणि तो सांगितल्याशिवाय तलावाचा उपयोग समजत नाही.

शेवटच्या वाक्यात मात्र खरी द्विरुक्ती आहे. ‘साचल्याच्या कारणामुळे’ यात ‘कारण’ आणि ‘मुळे’ एकाच जोडीला बांधतात. ‘साचल्यामुळे’ पुरेसे आहे. पुढे ‘कारण’ ने उपवाक्य सुरू झाल्यावर अखेरीस पुन्हा ‘म्हणून’ आला आहे आणि तो त्याच जोडीला दुसऱ्यांदा बांधतो. तो काढावा. ‘वाढल्यामुळे’ राहू द्यावा, कारण कांदळवन आणि न निघणारा गाळ ही वेगळी जोडी आहे.

मृणाल_ऐरोली

मनापासून आभार. यावरून मी केलेली मांडणी अशी :

‘नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की तेथील पावसाचे पाणी खाडीत उतरू शकत नाही आणि रस्त्यांवर तुंबते. हे पाणी ओहोटीपर्यंत साठवता यावे यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांचे दरवाजे बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडतात आणि ते पाणी खाडीत जाते. परंतु गाळ साचल्यामुळे तलावांची क्षमता कमी झाली आहे. तलावांत कांदळवन वाढले असून ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून गाळ काढणे अवघड झाले आहे.’

‘मुख्य’ हा शब्द मी मुद्दाम काढला. दुसरे कारण कुठेच सांगितलेले नसताना एखाद्या कारणाला ‘मुख्य’ म्हणता येत नाही, असे मला वाटले. मूळ परिच्छेदात पावसाच्या जोराचा उल्लेखही नव्हता. पावसाळ्यात भरती तर रोजच येते, पण पाणी रोज तुंबत नाही, हे मुलाच्या लक्षात आणून दिल्यावर त्याने स्वतःच ते जोडले.

प्रभाकर_खारीगाव

मांडणी चांगली झाली आहे, तरी मला एक भीती वाटते. सगळीच कारणे गिळून टाकली तर निबंधात विचार दिसत नाही, फक्त घटना दिसतात. ‘आली की… तुंबते’ यात भरती हे कारण आहे की केवळ वेळ आहे, हे वाचकाने ठरवायचे. ‘असून’ तर काहीच सांगत नाही. शिवाय बोलताना आपण ‘कारण… म्हणून’ असे दोन्ही टोकांना बांधतो ते ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी; त्यात मला दोष दिसत नाही.

नंदिनी_वर्तकनगर

प्रभाकरराव, बोलण्याबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. ऐकणाऱ्याला मागचे वाक्य पुन्हा पाहता येत नाही, वाचणाऱ्याला येते. मात्र लेखनात जोर द्यायचा असेल तर दुसरा शब्द जोडण्याऐवजी ‘च’ वापरता येतो. ‘गाळामुळेच क्षमता कमी झाली’ हे ‘गाळाच्या कारणामुळे क्षमता कमी झाली’ याहून ठाम आहे. मात्र ‘च’ लावल्यावर दुसरे कोणतेही कारण नाही असा दावा होतो, तो पेलणार असेल तरच लावावा.

शब्द काढताना आणखी एका ठिकाणी सावध राहावे लागते. ‘रात्री पाऊस पडला असावा, कारण रस्ते ओले आहेत’ हे वाक्य बरोबर आहे. येथे ओले रस्ते हे पावसाचे कारण नाहीत, तो आपल्या अनुमानाचा आधार आहे. विद्यार्थ्याला ‘कारण’ ऐवजी ‘मुळे’ वापरण्याची सवय लावली तर तो ‘रस्ते ओले असल्यामुळे रात्री पाऊस पडला असावा’ असे लिहितो, आणि वाक्य उलटे होते. अनुमानासाठी ‘वरून’ आहे : ‘रस्ते ओले आहेत, यावरून रात्री पाऊस पडला असावा.’ विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या उत्तरांत ही गफलत मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

वसंतराव_नौपाडा

नंदिनीताईंच्या मुद्द्याला नकाराची एक पुस्ती जोडतो. ‘नाले तुंबले म्हणून पाणी साचले नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. पाणी साचले, पण त्याचे कारण नाले नव्हते, हा एक. आणि नाले तुंबले व त्यामुळे पाणी साचलेच नाही, हा दुसरा. नाल्यांबाबत दुसरा अर्थ कोणी घेणार नाही. परंतु ‘परीक्षा होती म्हणून तो गावी गेला नाही’ यात दोन्ही अर्थ सहज बसतात. नकार असेल तर कारण क्रियापदापासून सोडवून नकाराशेजारी न्यावे : ‘तो गावी गेला तो परीक्षेमुळे नव्हे’. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘परीक्षेमुळे त्याने गावी जाणे टाळले’. या दोन्ही रचनांत शंका उरत नाही.

प्रभाकररावांच्या ‘असून’ वरच्या आक्षेपात तथ्य आहे. तेथे ‘असून’ दोन तथ्ये शेजारी ठेवतो आणि खरा कार्यकारणसंबंध पुढच्या ‘म्हणून’ वर येतो, त्यामुळे मी ते वाक्य चालवून घेईन. पण मुलाने संपूर्ण निबंधात ‘असून’ ची माळ लावली तर तीही तितकीच वाईट.

शुभदा_कोपरखैरणे

मी सूचना बदलली : ‘टाकीच्या दुरुस्तीसाठी मंगळवारी पाणीपुरवठा बंद राहील. सभासदांनी सोमवारी पाणी भरून ठेवावे.’ दुसऱ्या वाक्यात कारण सांगायचीच गरज उरली नाही. पण मग ‘काही अपरिहार्य कारणांमुळे सभा पुढे ढकलली आहे’ या वाक्यातही ‘कारण’ आणि ‘मुळे’ शेजारी आहेत. ते चालते का?

वसंतराव_नौपाडा

चालते. तेथे ‘कारणे’ हेच सांगायचे नाम आहे, कारण ती कोणती हे उघड केलेले नाही. ‘अपरिहार्यांमुळे’ असे तर लिहिता येणार नाही. ‘याच कारणामुळे’ हेही चालते, कारण ते आधी सांगितलेल्या कारणाकडे बोट दाखवते. जिथे ‘कारण’ शब्दाआधी खरे कारण स्वतःच उभे असते, उदाहरणार्थ ‘पावसाच्या कारणामुळे’, तिथे तो शब्द जास्तीचा होतो.

तेजस_घणसोली

‘कारण की’ चा निकाल मात्र राहिला. मी माझ्या पुस्तकांत पुन्हा पाहिले. व्याकरणाच्या काही पुस्तकांत कारणबोधक अव्ययांच्या यादीत ‘कारण’ आणि ‘की’ बरोबरच ‘कारण की’ हेही दिलेले आहे. म्हणजे ते केवळ हिंदीतून आले असे म्हणता येणार नाही. मग निबंधात ते खोडायचे की ठेवायचे?

वसंतराव_नौपाडा

मी खोडत आलो आहे, कारण ‘की’ काढल्यावर अर्थ तसूभरही बदलत नाही. तरी त्याला अशुद्ध म्हणणार नाही. ‘याचे कारण असे की’ मधला ‘की’ मात्र वेगळा आहे. तो ‘असे’ पुढे येणारे उपवाक्य जोडतो आणि त्याला हात लावू नये.

प्रभाकर_खारीगाव

मी ठेवीन. आमच्या घरात दोन पिढ्या ‘कारण की’ म्हणतात आणि त्या जागी वाक्याला किंचित थांबा मिळतो. लिहितानाही तो मला हवासा वाटतो. यादीत असलेला शब्द केवळ एक अक्षर वाचते म्हणून मुलाच्या वहीतून काढणे मला पटत नाही.

मृणाल_ऐरोली

मुलाने अंतिम प्रतीत तो एकदा ठेवला आहे आणि मी त्यावर खूण केलेली नाही. पुढच्या शनिवारी मुलांना ‘ठाणे खाडीत फ्लेमिंगो का येतात’ या विषयावर आठ-दहा ओळी लिहायला सांगणार आहे. खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये घोषित झाली, ही माहिती मुलांच्या वाचनात आली आहे, आणि पक्षी येण्याचे कारण म्हणून तीच देण्याची शक्यता आहे. पक्षी तर त्याआधीपासूनच चिखलातल्या शेवाळावर पोसायला येत होते. मुलांनी काय लिहिले ते येथे आणून देते.